फोटो तोच, पिक्सेल तेवढेच, मग सेंटीमीटर दर वेळी वेगळे का? छपाईचं माप चुकतं तेव्हा काय तपासावं

समजा, एका फोटोची मापं ४००० × ३००० पिक्सेल आहेत. एका प्रोग्रॅममध्ये उघडला की त्याची रुंदी १४१ सेंटीमीटर दिसते. दुसऱ्यात तीच १०५.८ होते, तिसऱ्यात ३३.९ आणि चौथ्यात १३.३. छापणाऱ्याकडून निरोप येतो की फाइल ‘७२ डीपीआयची’ आहे, ३०० ची पाठवा. मग कोणीतरी घाईत ७२ चे ३०० करतं आणि फाइल अचानक अवाढव्य होते, किंवा उलट ३०० चे ७२ करतं आणि फोटोतला सगळा बारकावा निघून जातो. हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच परत परत विचारला जातो. त्याचं उत्तर सूत्रात नसतं, कारण सूत्र बहुतेकांना माहीत असतं. माप वेगळं येतं ते सूत्रात कुठला आकडा कोणी घातला यामुळे. म्हणून इथे सूत्र थोडक्यात सांगतो आणि चुकलेल्या मापावरून चूक कशी ओळखायची यावर जास्त वेळ देतो.

आधी हिशोब

सेंटीमीटर = पिक्सेल ÷ पीपीआय × २.५४

पीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती पिक्सेल बसवायचे तो आकडा. छापणारे बऱ्याचदा यालाच डीपीआय म्हणतात. तो तुम्ही निवडायचा असतो. पिक्सेलना पीपीआयने भागलं की इंच मिळतात, आणि इंचाला २.५४ ने गुणलं की सेंटीमीटर. १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटीमीटर असं ठरलेलं आहे, त्यामुळे या गुणाकारात अंदाजाचा भाग काही नाही.

आपल्या फोटोला ३०० पीपीआय लावून पाहू. ४००० ÷ ३०० = १३.३३ इंच, गुणिले २.५४ म्हणजे ३३.८७ सेंटीमीटर. उंची ३००० ÷ ३०० = १० इंच, म्हणजे २५.४ सेंटीमीटर. हा फोटो ३०० पीपीआयला ३३.८७ × २५.४ सेंटीमीटर छापता येतो.

रोज हे काम करणाऱ्यांनी एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरतो: ३०० पीपीआय म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये ११८.११ पिक्सेल. पिक्सेलना ११८.११ ने भागा, सेंटीमीटर मिळतात. उलट जायचं असेल तर सेंटीमीटरना ११८.११ ने गुणा. २० सेंटीमीटर रुंद हवं असेल तर २३६२ पिक्सेल लागतात. १५० पीपीआयसाठी हाच आकडा निम्मा, ५९.०६ होतो.

फाइलमध्ये सेंटीमीटर नसतातच

गोंधळाचं मूळ इथे आहे. चित्राच्या फाइलमध्ये पिक्सेल असतात आणि त्यांच्यासोबत एक छोटी नोंद असते: ‘हे चित्र छापताना इंचाला इतके पिक्सेल धरा.’ ही नोंद म्हणजे फक्त सूचना. ती ७२ असो की ३००, चित्रातला एकही पिक्सेल त्यामुळे बदलत नाही. कॅमेरा किंवा फोन फोटो काढताना तिथे ठरलेला एखादा आकडा टाकून देतो, बहुतेकदा ७२. हा फोटो पुढे कागदावर किती मोठा छापला जाणार हे त्याला कळायला मार्गच नसतो.

प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हा ही नोंद वाचतो, सूत्रात घालतो आणि सेंटीमीटर दाखवतो. नोंद नसेलच, तर स्वतःच्या मनाने एक आकडा धरतो. फोटोशॉप अशा वेळी ७२ धरतो, तर विंडोजच्या `Properties` मधल्या `Details` मध्ये ९६ दिसतो. एकच फाइल दोन ठिकाणी १४१ आणि १०५.८ सेंटीमीटर दिसते ती यामुळे. दोघांचाही हिशोब बरोबर असतो, घेतलेला आकडा तेवढा वेगळा असतो. मेसेजिंग ॲपमधून फिरून आलेल्या फोटोत ही नोंद बऱ्याचदा गळून पडलेली असते, आणि त्याहून वाईट म्हणजे पिक्सेलही कमी झालेले असतात.

म्हणून तपासणीची पहिली पायरी कायम तीच: सेंटीमीटर बाजूला ठेवा आणि पिक्सेल बघा. मूळ फाइलचे पिक्सेल आणि आता हातात असलेल्या फाइलचे पिक्सेल सारखे असतील तर नुकसान काहीच झालेलं नाही, नुसती नोंद सुधारायची आहे. पिक्सेल वेगळे असतील तर नोंदीशी खेळत बसण्यात अर्थ नाही, मूळ फाइल शोधावी लागेल.

चुकीच्या मापावरून चूक ओळखणे

पिक्सेल शाबूत आहेत आणि तरीही माप भलतंच दिसतंय, अशा वेळी एक भागाकार करा. दिसणारं माप भागिले तुम्ही हिशोबाने काढलेलं माप. जे उत्तर येईल त्याने तुमच्या निवडलेल्या पीपीआयला भागा. प्रोग्रॅमने प्रत्यक्षात कोणता आकडा धरला आहे ते समोर येतं, आणि तो आकडाच बहुतेक वेळा सांगतो की चूक कुठली.

आपल्या फोटोची रुंदी ३०० पीपीआयला ३३.८७ यायला हवी. दिसते १४१.१. भागाकार ४.१७. आता ३०० ÷ ४.१७ = ७२. म्हणजे कॅमेऱ्याची नोंद तशीच राहिली आहे, किंवा नोंद नाही आणि प्रोग्रॅमने ७२ धरला आहे. दिसणारी रुंदी १०५.८ असेल तर भागाकार ३.१२५ येतो आणि ३०० ÷ ३.१२५ = ९६. ब्राउझर एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल धरतात, विंडोजही तोच आकडा दाखवतं, त्यामुळे स्क्रीनसाठी बनवलेल्या चित्रांमध्ये तो सतत भेटतो. १४४ आला तर ते चित्र बहुधा मॅकच्या रेटिना पडद्यावर घेतलेला स्क्रीनशॉट आहे. या तिन्हींत काळजीचं काही नाही.

दिसणारी रुंदी १३.३३ असेल तर गोष्ट जरा वेगळी आहे. १३.३३ ÷ ३३.८७ = ०.३९४ आणि ३०० ÷ ०.३९४ = ७६२. असा आकडा कोणी मुद्दाम लिहीत नाही. पण ७६२ म्हणजे ३०० गुणिले २.५४. म्हणजेच कोणीतरी रिझोल्यूशनच्या रकान्यात ३०० लिहिलं, पण शेजारचं एकक इंचाऐवजी सेंटीमीटर होतं. सेंटीमीटरला ३०० पिक्सेल म्हणजे इंचाला ७६२. सेंटीमीटरमध्ये विचार करणाऱ्यांच्या हातून ही चूक फार सहज होते, कारण रुंदी-उंचीचं एकक सेंटीमीटर केलं की रिझोल्यूशनचं एककही तेच करावंसं वाटतं. ते करायला हरकत नाही, फक्त मग तिथे ३०० नाही, ११८.११ लिहायला हवं.

याच चुकीची उलटी बाजूही आहे. फाइलमध्ये ‘सेंटीमीटरला ११८.११’ अशी अगदी बरोबर नोंद असते, पण ती वाचणारा प्रोग्रॅम एककाकडे न बघता ११८ हा आकडा इंचाचा समजतो. मग चित्र २.५४ पट मोठं दिसतं, म्हणजे ३३.८७ च्या जागी ८६ सेंटीमीटर. टिफ ही चित्राच्या फाइलची पद्धत आणि एक्झिफ ही कॅमेरा फोटोसोबत माहिती लिहून ठेवतो ती पद्धत, या दोन्हींत एककासाठी वेगळी जागा आहे. तिथे २ लिहिलं असेल तर इंच आणि ३ असेल तर सेंटीमीटर. २.५४ किंवा ०.३९४ हे भागाकार दिसले की सरळ एककाकडे बोट दाखवावं, दुसरीकडे शोधत बसू नये.

भागाकार नेमका ०.२५ किंवा ०.५ आला तर मात्र बहुधा माणसानेच सूत्रात प्रिंटरचा आकडा घातलेला असतो. प्रिंटरच्या खोक्यावर १२०० किंवा ६०० डीपीआय लिहिलेलं असतं. तो शाईचे किंवा टोनरचे ठिपके किती दाट पडू शकतात याचा आकडा आहे. चित्राचा एक पिक्सेल रंगवायला प्रिंटर असे अनेक ठिपके वापरतो, त्यामुळे तो आकडा आपल्या हिशोबात येतच नाही. ४००० पिक्सेलना १२०० ने भागून कोणी ‘हा फोटो साडेआठ सेंटीमीटरच छापता येईल’ असं म्हणत असेल तर घाबरून जाऊ नका.

नोंद बदलताना पिक्सेलना हात लागू देऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान दुरुस्तीच्या वेळी होतं, आणि ते एका छोट्या चौकोनातल्या खुणेमुळे.

फोटोशॉपमध्ये `Image` → `Image Size` उघडा. तिथे `Resample` नावाचा चौकोन असतो. आकड्यांना हात लावण्याआधी त्यातली खूण काढा. खूण काढली की रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन एकमेकांना बांधले जातात आणि पिक्सेल गोठतात. आता ७२ च्या जागी ३०० लिहिलं की रुंदी १४१.१ वरून ३३.८७ वर येते, आणि वरचा पिक्सेलचा आकडा ४००० × ३००० असाच राहतो. आपल्याला हेच हवं होतं. जिम्पमध्ये यासाठी वेगळी खिडकी आहे, `Image` → `Print Size`. तिथे पिक्सेल बदलतच नाहीत, म्हणून मला ती रचना जास्त सुरक्षित वाटते. जिम्पमधलं `Scale Image` मात्र पिक्सेल बदलतं, त्या दोघांत गल्लत करू नका. मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये `Adjust Size` खाली `Resample image` आहे, त्याचीही खूण काढायची.

ती खूण तशीच राहिली तर काय होतं? प्रोग्रॅम असं समजतो की तुम्हाला १४१ सेंटीमीटर रुंदी कायम ठेवायची आहे आणि त्यात इंचाला ३०० पिक्सेल भरायचे आहेत. मग तो ४००० पिक्सेलचे १६,६६७ करतो आणि ३००० चे १२,५००. नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरलेले असतात, त्यात कॅमेऱ्याने टिपलेला कणभरही नवा बारकावा नसतो. साध्या रंगीत चित्राला पिक्सेलमागे तीन बाइट धरले तर मेमरीत हे चित्र सव्वासहाशे मेगाबाइटच्या आसपास जातं. ‘३०० केलं आणि कॉम्प्युटर अडकला’ ही तक्रार इथून येते.

उलटी दिशा जास्त घातक आहे. ३०० ची नोंद असलेला फोटो कोणी ‘वेबसाठी ७२ करा’ असं ऐकून, खूण तशीच ठेवून ७२ चा करतो. रुंदी ३३.८७ सेंटीमीटर कायम राहते आणि पिक्सेल उरतात ९६० × ७२०. ही फाइल जुन्या फाइलवरच साठवली तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. नंतर पुन्हा ३०० लिहून काही उपयोग नाही. खूण काढून लिहिलं तर फोटो ८.१ सेंटीमीटरचा होतो, आणि खूण ठेवून लिहिलं तर ३३.८७ सेंटीमीटरचा, पण धूसर. अशा फाइलमध्ये कुणाला शंका येत नाही, कारण नोंद ३०० आणि माप ३३.८७, दोन्ही कागदोपत्री बरोबर असतं. म्हणून ‘ही फाइल ३०० डीपीआय आहे’ या एका वाक्यावर मी कधीही विश्वास ठेवत नाही. त्या वाक्यासोबत पिक्सेल किंवा सेंटीमीटर यांपैकी एक तरी आकडा लागतोच. आणि फोटो मूळचा आहे की फुगवलेला, हे १००% झूमवर पाहिल्यावर कळतं: फुगवलेल्या फोटोत केस, कापडाचे धागे, अक्षरांच्या कडा अशा ठिकाणी कुठेच तीक्ष्ण रेघ सापडत नाही.

फक्त नोंदच बदलायची असेल आणि जेपेग पुन्हा साठवून त्याचा दर्जा घालवायचा नसेल, तर आदेश-खिडकीतून `exiftool` या प्रोग्रॅमने ते स्वच्छपणे करता येतं, फक्त तो आधी कॉम्प्युटरवर बसवलेला असावा लागतो. आधी काय आहे ते बघा:

```
exiftool -a -G1 -ImageSize -XResolution -YResolution -ResolutionUnit photo.jpg
```

उत्तरात एकाच नावाच्या दोन-तीन ओळी दिसल्या तर चकित होऊ नका. जेपेग फाइलमध्ये ही नोंद `JFIF` या भागात असू शकते आणि `IFD0` म्हणजे एक्झिफच्या मुख्य भागातही. त्या दोघींत एकवाक्यता असेलच असं नाही. एक ७२ सांगते आणि दुसरी ३००, आणि कोणता प्रोग्रॅम कोणती वाचतो यावर माप ठरतं. एकाच फाइलची दोन मापं येण्याचं हे आणखी एक कारण, आणि डोळ्यांनी शोधून न सापडणारं. `IFD1` ची ओळ दिसली तर ती फाइलमधल्या छोट्या लघुचित्राची असते, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

नोंद बदलण्यासाठी:

```
exiftool -XResolution=300 -YResolution=300 -ResolutionUnit=inches photo.jpg
```

पिक्सेलना यात हात लागत नाही, आणि जुनी फाइल `photo.jpg_original` या नावाने शेजारी राहते. झाल्यावर पहिला आदेश पुन्हा चालवून दोन्ही ठिकाणी ३०० आलं का ते बघा. हा आदेश जेपेगसाठी आहे. पीएनजीमध्ये नोंद वेगळ्या जागी आणि मीटरला किती पिक्सेल या एककात असते, तिथे ३०० पीपीआय म्हणजे ११,८११. मीटरला पूर्णांकच लिहिता येत असल्यामुळे काही प्रोग्रॅम पीएनजीचं रिझोल्यूशन २९९.९९९ दाखवतात. ते दुरुस्त करायच्या मागे लागू नका, त्याने छपाईत फरक पडत नाही.

पिक्सेल खरोखरच कमी पडतात तेव्हा

आतापर्यंत नोंदीच्या चुका पाहिल्या. आता अशी अडचण घेऊ जिथे नोंद सुधारून भागत नाही. तोच ४००० × ३००० चा फोटो ए३ कागदावर पूर्ण कडेपर्यंत छापायचा आहे.

ए३ म्हणजे ४२ × २९.७ सेंटीमीटर. कडेपर्यंत छापताना कागद कापल्यावर पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंना ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग, सोडावा लागतो, सहसा ३ मिलिमीटर. दोन्ही बाजू धरून चित्र ४२.६ × ३०.३ सेंटीमीटरचं हवं. हा ब्लीड हिशोबात घ्यायला विसरणारे बरेच असतात, आणि मग शेवटच्या क्षणी फोटो ताणावा लागतो.

३०० पीपीआयला किती पिक्सेल लागतील? ४२.६ ÷ २.५४ × ३०० = ५०३१.५, म्हणजे ५०३२. उंचीला ३०.३ ÷ २.५४ × ३०० = ३५७८.७, म्हणजे ३५७९. अपूर्णांक आला की वरच्या पूर्णांकावर जावं. आपल्याकडे ४००० आणि ३००० आहेत. कमी पडतात.

आता प्रश्न उलटा विचारायचा: आहेत ते पिक्सेल या कागदावर पसरले तर इंचाला किती बसतील? रुंदीच्या बाजूने ४००० ÷ ४२.६ × २.५४ = २३८.५. उंचीच्या बाजूने ३००० ÷ ३०.३ × २.५४ = २५१.५. हे दोन आकडे वेगळे येतात कारण फोटो ४:३ आहे आणि ए३ कागद त्याहून थोडा लांबट. कागद पूर्ण भरायचा असेल तर दोन्हींतला लहान आकडा खरा धरायचा, म्हणजे २३८.५. त्या प्रमाणात फोटोची उंची ३१.९५ सेंटीमीटर होते आणि हवी आहे ३०.३. म्हणजे वर-खाली मिळून दीड सेंटीमीटरहून थोडा जास्त भाग कापावा लागणार. कोणाचं डोकं किंवा पाय कडेला असतील तर हे आधी बघून घ्यावं. मोठा आकडा धरून २५१.५ पीपीआयला बसवलं तर उंची जमते, पण रुंदी ४०.४ सेंटीमीटरच होते आणि बाजूला पट्ट्या मोकळ्या राहतात.

पानांची मांडणी करायला इनडिझाइन वापरणाऱ्यांना हा भागाकार हाताने करायची गरज नाही. `Links` पॅनेलमध्ये चित्र निवडलं की `Actual PPI` आणि `Effective PPI` असे दोन आकडे दिसतात. पहिला फाइलमधली नोंद, दुसरा पानावर बसवल्यावर खरोखर येणारा. छपाईसाठी दुसराच बघायचा. पहिला ७२ आणि दुसरा २३८ असेल तर फाइल परत मागवू नका. पहिला ३०० आणि दुसरा ९० असेल तर मागवा.

२३८ चालेल का? हे कागद किती अंतरावरून पाहणार यावर ठरतं. साधारण नीट दृष्टीचा माणूस एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखू शकतो असं धरलं, तर ३० सेंटीमीटरवरून वाचताना तो इंचाला सुमारे २९० पिक्सेल वेगळे ओळखतो. ३०० हा आकडा हातात धरून पाहण्याच्या छपाईसाठी का वापरतात, ते यावरून कळतं. अंतर दुप्पट केलं की गरज निम्मी होते: ६० सेंटीमीटरवर सुमारे १४५, आणि मीटरभर अंतरावर ८७. ए३ चा फोटो भिंतीवर लावायचा असेल आणि लोक हातभर अंतरावरून बघणार असतील, तर २३८ पुरेसं आहे आणि फोटो फुगवून ३०० करण्याने काही मिळणार नाही. तोच ए३ नकाशा असेल, बारीक अक्षरं असतील आणि लोक वाकून वाचणार असतील, तर अक्षरं चित्रात न ठेवता लेआउटमध्ये वेगळी टाइप करावीत. ती व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या रूपात, राहिली की पीपीआयचा प्रश्नच उरत नाही.

छापणाऱ्याचा नियमच ३०० चा असेल आणि त्यांची तपासणी फाइल आपोआप परत पाठवत असेल, तर `Resample` ची खूण ठेवून ५०३२ पिक्सेलपर्यंत मोठं करून द्यावं. हा सव्वापटीचा फुगवटा डोळ्यांना जाणवत नाही. फक्त ते करताना बारकावा वाढला असा समज करून घेऊ नका, आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

छापील जुना फोटो स्कॅन करायचा असेल तर मात्र डीपीआय आधी ठरवावा लागतो, कारण तिथे तो आकडा खरेच पिक्सेल ठरवतो. १० × १५ सेंटीमीटरचा फोटो ३०० वर स्कॅन केला की ११८१ × १७७२ पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयला तेवढ्याच मापाचा छापता येतो. दुप्पट मोठा, २० × ३० चा छापायचा असेल तर ६०० वर स्कॅन करा. नंतर नोंद बदलून ही कसर भरून निघत नाही.

सगळं बरोबर असूनही कागदावर माप चुकतं तेव्हा

फाइलमध्ये पिक्सेल बरोबर, नोंद बरोबर, प्रोग्रॅममध्ये सेंटीमीटर बरोबर, आणि फुटपट्टी लावली की कागदावर २० च्या जागी १९.४. भागाकार ०.९७ असा एकाच्या जवळचा पण वेडावाकडा येत असेल, तर फाइलला हात लावू नका. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ किंवा `Fit` असा पर्याय चालू असतो. प्रिंटरला कडेला छापता न येणारी पट्टी सोडायची असते, म्हणून तो सगळं चित्र थोडं आक्रसतो. तिथे `Actual size` किंवा १००% निवडा. माप थोडं मोठं येत असेल, तर बिनकडेच्या छपाईचा पर्याय चालू आहे का ते बघा. कागदाची कड झाकायला प्रिंटर त्यात चित्र जरा वाढवतो.

शंका मिटवायला एक चाचणी पुरते. ११८१ × ११८१ पिक्सेलचा कोरा चौकोन करा, त्याला कडेला बारीक काळी रेघ द्या, नोंद ३०० पीपीआय ठेवा आणि छापा. बाजू १० सेंटीमीटर आली पाहिजे. आडवी आणि उभी दोन्ही मोजा. ९.७ आली तर आक्रसणं ३ टक्के आहे आणि ते प्रिंटरच्या खिडकीतून येतंय. २५.४ आली तर पुन्हा एककाकडे वळा. ३१.२ च्या आसपास येऊन पानाबाहेर गेली तर प्रोग्रॅम नोंद न वाचता ९६ धरतोय.

वर्डमध्ये चित्र टाकून छापत असाल तर आणखी दोन गोष्टी बघा. चित्र टाकताना ते समासात मावत नसेल तर वर्ड न विचारता त्याला छोटं करतं, म्हणून तिथली रुंदी पाहून फाइलबद्दल काही ठरवू नका. चित्राच्या मापाच्या खिडकीत `Scale` किती टक्के आहे ते बघा. दुसरी गोष्ट अधिक लपलेली: साठवताना वर्ड चित्रं दाबतं, आणि मूळ सेटिंगमध्ये मर्यादा २२० पीपीआयची असते. २० सेंटीमीटर रुंद बसवलेल्या चित्रात त्यानंतर १७३२ पिक्सेलच उरतात. `File` → `Options` → `Advanced` मध्ये `Image Size and Quality` खाली `Do not compress images in file` वर खूण करा, आणि हे चित्र टाकण्यापूर्वी करा. एकदा दाबून साठवलेल्या फाइलमध्ये खूण केली तरी गेलेले पिक्सेल परत मिळत नाहीत, चित्र मूळ फाइलवरून पुन्हा टाकावं लागतं.